सुरक्षेचं पोस्टर: घोषवाक्य नको, ओघतक्ता काढू या



४ मार्च जवळ आला की एमआयडीसीच्या आसपासच्या शाळांमध्ये एक सूचना हमखास येते. राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त पोस्टर स्पर्धा. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, म्हणून हा दिवस पाळला जातो. मग आपण वर्गात कार्डशीट वाटतो आणि मुलं काय काढतात हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. पिवळं हेल्मेट, मागे धुराडं, वर कमानीसारखं लिहिलेलं घोषवाक्य. रंगकाम सुंदर असतं. बक्षीस मिळतं, फोटो निघतो, आणि पोस्टर कपाटावर जातं.

माझं म्हणणं असं आहे की ही पोस्टर्स कोणाचंही बोट वाचवत नाहीत. 'सावध राहा' हे वाचून कामगाराने नेमकं काय करायचं? त्याला ते आधीच माहीत आहे. त्यापेक्षा एकाच मशीनवरचं एकच धोक्याचं काम घ्यावं आणि त्याच्या पायऱ्या साध्या आकारांत, बाणांनी जोडून काढाव्यात. म्हणजेच ओघतक्ता. आठवी-नववीच्या मुलांना हे सहज जमतं, आणि मुख्य म्हणजे ते चूक की बरोबर हे तपासता येतं. घोषवाक्य तपासता येत नाही.

मला हे कसं कळलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी वर्गाला हाच उपक्रम दिला होता. विषय होता, 'पॉवर प्रेसमध्ये अडकलेला पत्रा काढणे.' आमच्याकडच्या बऱ्याच पालकांचं काम प्रेस शॉपमध्ये आहे, म्हणून हा विषय निवडला. एका मुलीने पाच चौकटींचा नीटनेटका तक्ता काढला. पत्रा अडकला, मोटार बंद करा, पत्रा काढा, मोटार सुरू करा, काम चालू. बाण सरळ, अक्षर मोत्यासारखं. मी दहापैकी दहा दिले.

पालकसभेला तिचे वडील आले. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी. तक्ता बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, हे चांगलं काढलंय. पण यात फ्लायव्हील कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी मग टेबलावर बोटाने काढून समजावलं. प्रेसची मोटार पट्ट्याने एक जड चाक फिरवते, ते फ्लायव्हील. पॅडल दाबलं की क्लच त्या चाकाला क्रँकशी जोडतो आणि रॅम खाली येऊन पत्रा दाबतो. मोटार बंद केली तरी ते चाक लगेच थांबत नाही. वजनदार असल्यामुळे काही वेळ फिरतच राहतं. तेवढ्या वेळात चुकून पॅडलवर पाय पडला, तर मोटार बंद असूनही रॅम खाली येतो. बऱ्याच जुन्या प्रेसमध्ये क्लच असा असतो की एकदा गुंतला की पूर्ण फेरी झाल्याशिवाय सुटत नाही, म्हणजे रॅम मध्येच थांबवता येत नाही. "मोटार बंद म्हणजे मशीन मेलं, असं वाटतं," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटलं व्हतं."

त्या रात्री मी तो तक्ता पुन्हा पाहिला. मी पूर्ण गुण दिलेल्या कागदावर जी चूक होती, तीच चूक त्यांच्या हातावर होती.

तेव्हापासून मी हा उपक्रम वेगळ्या पद्धतीने घेते. ती पद्धत सविस्तर लिहिते. तुमच्या शाळेजवळ प्रेस शॉप नसेल, साखर कारखाना किंवा पिठाची गिरणी असेल, तर काम बदला. पद्धत तीच राहील.

आकार तीनच पुरेत

ओघतक्त्याचे आकार कोणीतरी उगाच ठरवलेले नाहीत. कारखान्यातलं काम आकृतीत मांडण्याची कल्पना फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने १९२१ साली अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांसमोर मांडली होती. म्हणजे ही गोष्ट संगणकाच्या आधी कारखान्याची आहे. पुढे चिन्हं बदलत गेली. आज सर्वत्र चालणाऱ्या चिन्हांपैकी पोस्टरला तीन लागतात.

लंबगोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट. आयत म्हणजे एक कृती. आणि चौकोन तिरका उभा केला की प्रश्न. पुस्तकात त्याला समभुज चौकोन म्हणतात, माझ्या वर्गात त्याला शंकरपाळी म्हणतात आणि ते नाव कोणी विसरत नाही. शंकरपाळीतून नेहमी दोन बाण बाहेर पडतात, एकावर 'हो' आणि दुसऱ्यावर 'नाही'. पुस्तकांत माहिती देण्याघेण्यासाठी समांतरभुज चौकोनही दाखवतात. सुरक्षेच्या पोस्टरवर तो काढू नका. मशीनसमोर उभ्या माणसाला चौथा आकार ओळखायला लावण्यात काही अर्थ नाही.

आयतात काय लिहायचं याचा नियम एकच. हातापायांनी करता येईल आणि दुसऱ्याला बघता येईल अशी एक गोष्ट. 'काळजी घ्या' ही कृती नाही. 'पॅडलवरून पाय काढा' ही कृती आहे. वाक्यात 'आणि' आलं की बहुधा दोन आयत हवेत. मुलं 'मोटार बंद करा आणि कुलूप लावा' असं लिहितात. घाईत असलेला माणूस पहिलं करतो आणि दुसरं सोडतो.

आधी चिठ्ठ्या, मग कार्डशीट

मुलांना थेट कार्डशीटवर काढायला देऊ नका. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करा, एका चिठ्ठीवर एक पायरी, आणि फरशीवर वरून खाली मांडा. चिठ्ठी मध्ये घालता येते, काढता येते. स्केचपेनने काढलेला आयत हलवता येत नाही, आणि मग 'आता कुठे खाडाखोड करायची' म्हणून मुलं चुकीची पायरी तशीच ठेवतात.

सगळ्यात आधी नाव ठरवा, कारण नावातच तक्त्याची हद्द असते. 'प्रेसची सुरक्षा' हे नाव फार मोठं आहे. आम्ही ठरवलेलं नाव होतं, 'रॅम वर असताना अडकलेला पत्रा काढण्याआधी'. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. रॅम मध्येच किंवा खाली अडकला असेल तर तो ऑपरेटरने सोडवायचा नसतो, सेटरला बोलवायचं असतं. ते वेगळं काम आहे, आणि त्याचा तक्ता वेगळा.

आता चिठ्ठ्या मांडू. पहिला लंबगोल, 'पत्रा अडकला'. मग चार आयत एकाखाली एक:

- पॅडलवरून पाय काढा
- मोटार बंद करा
- मेन स्विच बंद करा
- स्विचला आपलं कुलूप लावा

कुलूप कशाला, असं मुलं विचारतातच. तुम्ही मशीनमध्ये वाकलेले असताना दुसरा कोणी 'बंद का आहे बुवा' म्हणून स्विच चालू करू शकतो. कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली की ते शक्य राहत नाही. म्हणून 'आपलं' हा शब्द हवा. दोघे काम करत असतील तर कुलपं दोन, आणि ज्याचं त्याने काढायचं. सोबत नावाची पाटीही लटकवतात, पण नुसती पाटी पुरत नाही. पाटी विनंती करते, कुलूप अडवतं.

यानंतर ती राहिलेली गोष्ट, पहिली शंकरपाळी. 'फ्लायव्हील थांबलं?' 'हो'चा बाण खाली जातो. 'नाही'चा बाण उजवीकडे 'थांबा' या लहान आयताकडे जातो, आणि तिथून वळून पुन्हा त्याच शंकरपाळीच्या डोक्यावर येतो. म्हणजे चाक थांबेपर्यंत माणूस याच फेऱ्यात राहतो. खाली जायला दुसरी वाटच नाही. मला वाटतं, सगळ्या तक्त्यात हा परत फिरणारा बाण सर्वांत मोलाचा आहे. यादीत तो काढता येत नाही. एक, दोन, तीन अशा क्रमवार सूचनांत 'फ्लायव्हील थांबू द्या' असं लिहाल, पण न थांबलं तर पुढे जाऊ नका हे डोळ्यांना दिसत नाही. बाणाने दिसतं.

पुढचा आयत, 'स्टार्ट बटण दाबून पाहा'. मुलांना हे उलटं वाटतं. बंद केलेलं मशीन चालू का करायचं? कारण आपण बंद केलेला स्विच याच मशीनचा होता का, याची खात्री अशीच होते. एका भिंतीवर चार स्विच असतील तर चुकीच्याला कुलूप लागू शकतं. म्हणून दुसरी शंकरपाळी, 'मोटार फिरली?' इथे गंमत अशी की 'नाही' हे चांगलं उत्तर आहे आणि त्याचा बाण खाली जातो. 'हो'चा बाण उजवीकडे एका लंबगोलात जाऊन संपतो, 'हात घालू नका, सुपरवायझरला बोलवा'. तो बाण परत येत नाही. तिथे ऑपरेटरचं काम थांबतं.

शेवटचा आयत, 'रॅमखाली ब्लॉक ठेवा'. सेफ्टी ब्लॉक म्हणजे रॅम आणि डायच्या मध्ये ठेवायचा मजबूत ठोकळा. इतर काहीही फसलं तरी रॅम त्याच्यावर अडतो. तो चाचणीनंतरच ठेवायचा, कारण ठोकळा ठेवायलाही हात रॅमखाली जातो. मग शेवटचा लंबगोल, 'आता चिमट्याने पत्रा काढा'.

आमच्या पहिल्या मांडणीत ब्लॉकची चिठ्ठी स्टार्ट बटणाच्या वर होती. त्या मुलीच्या वडिलांना मी मुद्दाम वर्गात बोलावलं होतं. त्यांनी काही न बोलता दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि मुलांना विचारलं, "आता सांगा, का?" दहा मिनिटं वर्ग भांडत होता. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं. भूमितीच्या तासाला मला तसं भांडण कधी ऐकायला मिळालं नाही.

कागदावर बसतं का?

बाजारात मिळणारी कार्डशीट साधारण २२ इंच रुंद आणि २८ इंच उंच असते. आता गणित करू. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर इंचभर उंच असावं, असा एक ढोबळ हिशेब पाटी रंगवणारे धरतात. पोस्टर मशीनशेजारीच लावायचं असेल तर पाऊण इंच चालेल. मराठीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, म्हणून पाऊण इंचाच्या ओळीला दीड इंच उंचीचा आयत लागतो.

सहा आयत, प्रत्येकी दीड इंच, झाले नऊ. दोन लंबगोल, तीन इंच. शंकरपाळीत मजकूर मधल्या रुंद भागातच बसतो म्हणून ती तीन इंच उंच हवी. दोन मिळून सहा. बेरीज अठरा. मधल्या नऊ बाणांना पाऊण-पाऊण इंच, म्हणजे पावणेसात. एकूण पावणेपंचवीस. शीर्षक आणि समासासाठी सव्वातीन इंच उरतात. जेमतेम बसलं.

हा हिशेब मुलांकडून करून घ्या. त्यातून एक गोष्ट आपोआप कळते. पत्रा काढल्यानंतरच्या पायऱ्या (ब्लॉक आणि हत्यारं बाहेर काढा, गार्ड पुन्हा लावा, आपलं कुलूप काढा) याच कागदावर बसत नाहीत. मुलं मग अक्षर बारीक करतात. करू देऊ नका. दुसरी कार्डशीट घ्या आणि 'पत्रा काढल्यानंतर' हा वेगळा तक्ता करा. दोन्ही शेजारी लावा.

तक्ता कागदाच्या मधोमध काढू नका, डावीकडे सरकवा. उजवी बाजू त्या दोन फुटणाऱ्या बाणांसाठी लागते. बाण एकमेकांना छेदू नयेत. रंग कमी ठेवा. लाल फक्त 'हात घालू नका'च्या लंबगोलाला. आणि 'हो', 'नाही' हे शब्द लिहाच. हिरवा बाण म्हणजे हो, लाल म्हणजे नाही, एवढ्यावर सोडू नका, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं प्रत्येक शॉपमध्ये असू शकतात.

शब्द तिथलेच वापरा. माझ्या एका विद्यार्थ्याने भाषेच्या प्रेमापोटी पॅडलला 'पदकळ' लिहिलं होतं. त्याचं कौतुक केलं आणि 'पॅडल' लिहायला लावलं. शॉपमध्ये बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसंही असतात. रॅम, डाय, पॅडल, मेन स्विच हे शब्द सगळ्यांचे आहेत.

तपासायचं कसं?

तक्ता तपासायला तज्ज्ञ लागत नाही, निदान पहिल्या फेरीला तरी नाही. मुलाला बोट सुरुवातीच्या लंबगोलावर ठेवायला सांगा आणि बाणांवरून चालायला लावा. सुरुवात सोडून प्रत्येक आकारात बाण यायला हवा. शेवट सोडून प्रत्येकातून बाण निघायला हवा. शंकरपाळीतून दोन. बोट कुठे अडकलं किंवा कुठल्या फेऱ्यातून बाहेरच पडता आलं नाही, तर चूक सापडली.

मग दुसरी फेरी. एक मूल मशीन होतं, एक ऑपरेटर आणि एक वाचणारा. वाचणाऱ्याने फक्त चौकटीत आहे तेवढंच वाचायचं, ऑपरेटरने तेवढंच करायचं. मशीन झालेल्या मुलाला मी हळूच कानात सांगते, 'मोटार बंद केली तरी हात फिरवत राहा.' पाच चौकटींचा तक्ता असेल तर ऑपरेटर सरळ हात घालतो आणि सगळा वर्ग ओरडतो. ती चूक मग कोणी विसरत नाही.

तिसरी फेरी मात्र जाणकाराचीच. प्रत्येक मशीन वेगळं असतं. वायवीय क्लच असेल तर साठलेली हवाही सोडावी लागते, आणि वरच्या तक्त्यात ती पायरी नाही. म्हणून वर्गातला तक्ता कारखान्याच्या भिंतीवर लावायचा असेल तर तिथल्या सेफ्टी ऑफिसरने किंवा मेंटेनन्सवाल्याने ते मशीन समोर ठेवून तपासलेला हवा. हे पथ्य मोडू नका. चुकीचा तक्ता घोषवाक्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो.

एक आक्षेप, आणि तो बरोबर आहे

आमच्या शिक्षककक्षात एक सर म्हणाले, "मॅडम, हात घालणाऱ्याला हे सगळं माहीत असतं. तासाला इतके नग काढायचे असतात, म्हणून घालतो." मला हे मान्य आहे. तक्ता टार्गेट कमी करत नाही. पत्रा अडकल्यावर कुलूप लावून चाक थांबायची वाट बघणं म्हणजे काही मिनिटं उत्पादन बंद, आणि ती मिनिटं कोणाच्या खात्यात धरायची हे ऑपरेटर ठरवत नाही.

पण नेमकं म्हणूनच मी घोषवाक्याच्या विरोधात आहे. 'सावध राहा' म्हटलं की सगळी जबाबदारी ज्याचा हात आहे त्याच्यावर. खरं तर १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा घालण्याचं काम कारखान्यावर टाकलं होतं, कामगाराच्या सावधपणावर नाही. तक्त्यात 'रॅमखाली ब्लॉक ठेवा' असा आयत काढला की पुढचा प्रश्न आपोआप येतो, या मशीनपाशी ब्लॉक आहे का? कुलूप दिलंय का? चिमटा कुठाय? ज्या चौकटीची वस्तू मशीनपाशी नाही ती चौकट खोटी आहे, आणि ती आणून देणं ऑपरेटरच्या हातात नाही. घोषवाक्य हा प्रश्न विचारत नाही. ओघतक्ता विचारतो.

त्या मुलीने नंतर तक्ता पुन्हा काढला. बारा आकार, त्यांत दोन शंकरपाळ्या, एक परतणारा बाण. वडील तो घेऊन गेले आणि सुपरवायझरला दाखवला. भिंतीवर लागला का, हे मी विचारलं. लागला नाही. पण त्यांच्या मशीनला आता एक ब्लॉक मिळाला आहे, साखळीने बांधलेला, म्हणजे दुसरीकडे जाणार नाही.

यंदा स्पर्धेची सूचना आली की मुलांना एवढंच विचारा, तुमच्या घरातलं कोण कुठल्या मशीनवर काम करतं आणि ते अडकलं तर काय करतात? घरी जाऊन विचारून या म्हणावं. पालकहो, मुलाने विचारलं तर 'तुला काय करायचंय' म्हणू नका. सांगा. आणि त्याच्या तक्त्यात काही राहिलं असेल तर त्या वडिलांसारखं बोट ठेवून दाखवा.